चेहऱ्याशेजारी एक पांढरा कागद: फोटोत आणि व्हिडिओ कॉलवर त्वचेचा रंग खरा दिसावा म्हणून

ताई रोज संध्याकाळी सहा ते आठ ऑनलाइन गणित शिकवते. एक दिवस एका विद्यार्थ्याच्या आईने तिला फोन करून विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना? काल फारच फिकट दिसत होतात." ताईची तब्येत ठणठणीत होती. तिने मला त्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवलं. तिच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू निळसर राखाडी दिसत होती, दुसरी बाजू नारिंगी. साडेसहानंतर तर दर काही मिनिटांनी अख्ख्या चेहऱ्याचा रंग सरकत होता. ताईने नवा कॅमेरा घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. पण कॅमेऱ्यात दोष नव्हताच.

चेहऱ्याचा रंग आपल्या डोळ्यांपर्यंत तीन टप्प्यांतून पोचतो. आधी खोलीतला उजेड त्वचेवर पडतो, मग कॅमेरा त्या उजेडाचा अंदाज बांधून रंग ठरवतो, आणि शेवटी कुठली तरी स्क्रीन तो रंग दाखवते. तिन्ही ठिकाणी बिघाड होऊ शकतो आणि वाईट गोष्ट अशी की तिन्ही बिघाड दिसायला सारखेच असतात. चेहरा पिवळा दिसला तर दिवा पिवळा असेल, कॅमेऱ्याचा अंदाज चुकला असेल, किंवा बघणाऱ्याच्या फोनवर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू असेल. नुसत्या चेहऱ्याकडे बघून यातलं काय खरं हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात सगळीकडे एकच साधन वापरलं आहे: चेहऱ्याशेजारी धरलेला साधा पांढरा कागद.

कागद का, आणि तो कसा धरायचा

पिवळ्या बल्बखाली पुस्तक वाचताना त्याची पानं आपल्याला पांढरीच वाटतात. प्रत्यक्षात त्या पानांवरून येणारा उजेड चांगलाच पिवळा असतो, पण मेंदू भोवतालच्या उजेडाचा रंग वजा करून टाकतो. कॅमेऱ्याला हे आपसूक जमत नाही. त्याला ती वजाबाकी गणिताने करावी लागते. पिवळ्या दिव्याखाली लाल रंग भरपूर आणि निळा तुटपुंजा असतो, म्हणून कॅमेरा निळा वाढवतो आणि लाल त्या मानाने कमी ठेवतो. या दुरुस्तीलाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. दुरुस्ती कमी पडली की चेहरा नारिंगी राहतो, जास्त झाली की निळसर पडतो.

कागद पांढरा आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून त्यावर आलेली झाक म्हणजे चूक, हे लगेच कळतं. चेहऱ्याच्या बाबतीत अशी खात्री नसते. स्वतःचा चेहरा नेमक्या कोणत्या छटेचा आहे हे आपल्यालाही आठवणीतून सांगता येत नाही.

कागद गालाला लागून, चेहरा ज्या दिशेला आहे त्याच दिशेला तोंड करून धरायचा. तो वर छताकडे कलला तर छताचा दिवा मोजला जाईल, चेहऱ्यावरचा नाही. शिवाय कागद चित्रात इतका उजळ येता कामा नये की त्याच्या कडा, सुरकुत्या दिसेनाशा होतील, कारण जळालेल्या पांढऱ्यात कोणतीच झाक टिकत नाही आणि आपली फसगत होते. मग तीन शक्यता तपासायच्या. कागदावर आणि चेहऱ्यावर एकाच रंगाची झाक असेल तर व्हाइट बॅलन्स चुकला आहे. कागद पांढरा पण चेहरा मेलेला, मातकट दिसत असेल तर दिव्याच्या दर्जात खोट आहे किंवा कुठलं तरी सौंदर्य फिल्टर चालू आहे. आणि कागद एका स्क्रीनवर पांढरा, दुसरीवर निळा दिसत असेल तर प्रश्न स्क्रीनचा आहे, चित्राला हात लावू नका.

एक मर्यादा सांगायला हवी. छपाईच्या बहुतेक कागदांत चमक आणणारं रसायन असतं. ते उन्हातला डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. त्यामुळे खिडकीजवळ असा कागद मुळातच किंचित निळा असतो आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स लावला तर त्वचा जराशी पिवळी येते. दोष शोधायला कागद पुरेसा आहे. नेमकी दुरुस्ती करायची असेल तर छायाचित्रकार वापरतात ते राखाडी कार्ड घ्या.

पहिली पायरी: आधी स्वतःची स्क्रीन

बहुतेक जण दिव्यापासून सुरुवात करतात. मी स्क्रीनपासून करायला सांगते, कारण पुढचं सगळं तुम्ही याच स्क्रीनवर बघून ठरवणार आहात.

हा धडा मी महागात शिकले. एका मैत्रिणीचे चाळीस फोटो मी रात्री अकरा वाजता बसून दुरुस्त केले होते. सगळ्यांत चेहरे पिवळट वाटत होते, म्हणून प्रत्येक फोटोतला पिवळेपणा काढत गेले. सकाळी उघडून बघितलं तर चाळीसही फोटोंत ती थंडीने काकडल्यासारखी निळी दिसत होती. लॅपटॉपवर रात्रीचा फिल्टर सूर्यास्तानंतर आपोआप चालू होत होता आणि मी फोटोंऐवजी माझ्या स्क्रीनचा पिवळेपणा दुरुस्त करत होते. हा फिल्टर फक्त बघणाऱ्याच्या स्क्रीनवर असतो. फोटोत तो उतरत नाही, कॉलवर समोरच्याला जात नाही, स्क्रीनशॉटमध्येही येत नाही.

तेव्हा रंग तपासण्याआधी विंडोजवर `Night light`, आयफोन आणि मॅकवर `Night Shift` आणि `True Tone` बंद करा. पहिले दोन वेळेनुसार स्क्रीन पिवळी करतात, तिसरं खोलीतल्या उजेडानुसार तिचा पांढरा रंग बदलत राहतं. वाचायला ते छान आहे, रंग ठरवायला नाही. अँड्रॉइड फोनवर डोळ्यांना आराम देणारा असाच एक मोड असतो, आणि बऱ्याच फोनवर रंगांचे दोन मोड असतात: एक भडक, एक नैसर्गिक. नैसर्गिक निवडा. भडक मोड लाल आणि नारिंगी ताणतो. त्वचेत तेच रंग जास्त असल्याने सगळ्यात आधी चेहराच बिघडतो.

वेगळा मॉनिटर असेल तर त्याच्या मेनूत रंगाचं तापमान, म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर आहे हे सांगणारा आकडा, ६५०० केल्विन किंवा sRGB हा पर्याय शोधा. इंटरनेटवरचे फोटो आणि व्हिडिओ ज्या मानकावर बेतलेले असतात त्यातला पांढरा जवळपास ६५०० केल्विनचा असतो. अनेक स्क्रीन कारखान्यातून यापेक्षा निळसर लावून येतात, कारण निळसर पांढरा दुकानात जास्त स्वच्छ वाटतो. हे बदल केल्यावर पहिली काही मिनिटं स्क्रीन मळकट, पिवळी वाटेल. डोळ्यांना सवय होऊ द्या आणि मगच निर्णय घ्या.

स्क्रीनभोवतीची खोलीही इथे लुडबुड करते. पिवळ्या बल्बच्या खोलीत डोळे पिवळ्याला सरावलेले असतात, त्यामुळे बरोबर लावलेली स्क्रीनही निळी भासते आणि माणूस फोटो नकळत जास्त पिवळा करून ठेवतो. शक्य असेल तर फोटोंचे रंग दिवसा ठरवा. रात्री करायचेच असतील तर निदान सकाळी एकदा बघितल्याशिवाय पाठवू नका.

दुसरी पायरी: चेहऱ्यावर एकाच जातीचा उजेड

ताईच्या खोलीतला खरा घोळ इथे होता, म्हणून यावर जरा रेंगाळते.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, घरगुती पिवळा बल्ब २७००, मधला पांढरा एलईडी ४०००, भर दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आणि थेट ऊन नसताना खिडकीतून येणारा निरभ्र आकाशाचा उजेड ८००० च्याही पुढे जाऊ शकतो.

ताईच्या डाव्या हाताला खिडकी आहे. संध्याकाळी सहाला तिथून फक्त आकाशाचा निळा उजेड येत होता. उजवीकडे छताला २७०० चा बल्ब. समोरून, थोडा खालून, लॅपटॉपच्या पांढऱ्या पानाचा निळसर उजेड. मी तिला कागदाचे दोन तुकडे दोन्ही गालांशी धरायला सांगितले आणि रेकॉर्डिंगमधून घेतलेल्या चित्रात रंग मोजला. फोटो दुरुस्तीच्या बहुतेक प्रोग्राममध्ये ड्रॉपरसारखं एक चिन्ह असतं. ते चित्रावर ठेवलं की त्या जागी लाल, हिरवा आणि निळा किती आहे ते ० ते २५५ मध्ये कळतं. तिन्ही आकडे सारखे असले की रंग निव्वळ पांढरा किंवा राखाडी. डाव्या तुकड्याचे आकडे आले १७६, १८८, २०९. म्हणजे निळा जास्त. उजव्याचे आले २२६, १९०, १४२. म्हणजे लाल जास्त, निळा फारच कमी. एकाच कागदाचे दोन तुकडे, एकाच क्षणी.

व्हाइट बॅलन्स म्हणजे अख्ख्या चित्राला लावलेली एकच दुरुस्ती. निळी बाजू सुधारली तर नारिंगी बाजू आणखी नारिंगी होते, नारिंगी सुधारली तर निळी बाजू प्रेतासारखी दिसते. कॅमेरा बिचारा मधला आकडा पकडत होता आणि दोन्हीकडे चुकत होता. साडेसहानंतर खिडकीतला उजेड झपाट्याने ओसरायचा, उजेडातला बल्बचा वाटा वाढायचा, आणि कॅमेरा दर थोड्या वेळाने आपला अंदाज बदलायचा. त्यात ताईने पांढरी स्लाइड उघडली की चेहरा निळा, काळी उघडली की पुन्हा नारिंगी. महागडा कॅमेरा आणला असता तरी हेच झालं असतं.

उपाय साधा पण कठोर आहे: एक उजेड ठेवा, बाकीचे घालवा. ताईचा तास अंधार पडेपर्यंत चालतो, म्हणून खिडकीवर विसंबता येणार नव्हतं. जाड पडदा ओढला, छताचा बल्ब बंद केला आणि ४००० केल्विनचा एकच दिवा लावला. तो चेहऱ्यापासून साधारण एक मीटरवर, समोरून ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर. उघडा दिवा चेहऱ्यावर कडक सावल्या पाडतो, म्हणून तो पांढऱ्या भिंतीवर वळवला किंवा त्याच्यापुढे पांढरं पातळ कापड अंतर राखून टांगलं तर उजेड मऊ होतो. कापड तापलेल्या दिव्याला टेकू देऊ नका. भिंतीवर वळवायचं असेल तर भिंत खरोखर पांढरीच हवी. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड हिरवा असतो आणि तो हनुवटीखाली, गळ्यावर दिसतो. भडक रंगाचा सदराही खालून हेच करतो.

दिवसा काम करणाऱ्यांनी याच्या उलट करावं. सगळे दिवे बंद, खिडकीकडे तोंड, थेट ऊन अंगावर नको. मोठ्या खिडकीचा उजेड विनाखर्च मिळतो आणि त्वचेला फार छान लागतो. फक्त आकाशात ढग येत-जात असले तर रंग बदलत राहील, तेवढं गृहीत धरा.

राहता राहिला लॅपटॉपचा उजेड. त्याची ब्राइटनेस कमी करा, गडद थीम लावा. आणि इथे रात्रीचा फिल्टर, जो आपण मघाशी बंद केला, कामाला येतो: सगळं लावून, तपासून झालं की कॉल चालू असताना तो चालू करा. स्क्रीनचा उजेड पिवळट होतो, दिव्याच्या रंगाच्या जवळ जातो आणि स्लाइड बदलली तरी चेहरा निळा पडत नाही. कॉलवर जाणाऱ्या चित्रावर फिल्टरचा परिणाम होत नाही, चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडावर होतो. फरक लहान आहे, पण अंधाऱ्या खोलीत जाणवतो.

कागद पांढरा, तरी चेहरा निर्जीव

हा दोष ओळखायला सगळ्यात अवघड, कारण सगळे आकडे बरोबर येतात. त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींतून येतो: मेलॅनिन आणि त्वचेखालच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा उजेड शोषतं आणि लाल परत पाठवतं. त्वचेतली धग, जिवंतपणा या लालातून दिसतो. स्वस्त एलईडी दिवे बरेचदा निळा आणि पिवळा एकत्र करून पांढरा बनवतात आणि त्यात गडद लाल फारच थोडा असतो. कागदाला फरक पडत नाही, तो पांढरा दिसतो. पण परत पाठवायला लालच नसेल तर त्वचा काय पाठवणार?

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. १०० म्हणजे रंग उत्तम दाखवणारा उजेड. चेहऱ्यासाठी ९० किंवा त्याहून जास्त घ्या. ८० चा दिवा जिन्यासाठी ठीक आहे. या आकड्यातही एक मेख आहे: तो आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत नसतो. गडद लालाचा वेगळा आकडा असतो, त्याला आर-नऊ म्हणतात. ८० सीआरआयच्या दिव्याचा आर-नऊ शून्याच्या आसपासही असू शकतो. काही कंपन्या तो छापतात. छापला असेल तर ५० च्या वरचा शोधा.

घरी करायची एक परीक्षा आहे. दिवसा खिडकीजवळ तळहात बघा, बोटांच्या टोकांचा गुलाबीपणा लक्षात ठेवा. मग पडदा ओढून दिव्याखाली तोच हात बघा. दिवा पिवळा किंवा निळा असणं वेगळं, त्याची सवय मिनिटभरात होते. पण तळहात मेणासारखा, रक्तहीन वाटला तर दिव्यात लाल नाही. अशा चित्रात नंतर रंग वाढवून चालत नाही. रंगाचा जोर वाढवला की ओठ, पुरळ, डोळ्यांच्या कडा भडक होतात आणि गाल तसाच मातकट राहतो. दिवा बदलणं हाच मार्ग.

तिसरी पायरी: उजळपणा कॅमेऱ्यावर सोडू नका

त्वचेचा रंग बदलला असं वाटतं तेव्हा पुष्कळदा रंग बदललेला नसतो, चित्र कमी-जास्त उजळ झालेलं असतं. कॅमेऱ्याची स्वयंचलित यंत्रणा चित्राची सरासरी मध्यम राखाडीकडे आणायला बघते. मागे पांढरी भिंत किंवा उघडी खिडकी असली की ती सगळं गडद करते आणि चेहरा काळवंडतो. मागे गडद पडदा असला की ती सगळं उजळ करते आणि तोच चेहरा धुऊन काढल्यासारखा फिका येतो. एकच माणूस खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन वेगळ्या वर्णांचा दिसतो तो यामुळे. मागची बाजू चेहऱ्यापेक्षा थोडी गडद, पण काळी नाही, अशी ठेवली की बहुतेक वेळा भागतं. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजळपणा ठरवता येतो. आयफोनवर बोट दाबून धरलं की `AE/AF LOCK` दिसतं आणि मग उजळपणा सरकत नाही.

सावळ्या आणि गडद त्वचेबाबत एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. पुष्कळ लोक चेहरा 'चांगला' यावा म्हणून उजळपणा वाढवत नेतात. त्याने चेहरा खरा होत नाही, सपाट होतो. गालाचा उंचवटा, कपाळाची चमक, डोळ्यांखालची मऊ सावली सगळं एका पातळीवर येतं. गडद त्वचेला आकार येतो तो तिच्यावरच्या झळाळीतून. म्हणून दिवा मोठा आणि मऊ हवा, किंचित बाजूला हवा, आणि मागची भिंत फार उजळ नको. चित्रातला वर्ण प्रत्यक्षातल्या वर्णाशी जुळला की थांबायचं. कॉलच्या ॲपमधलं सौंदर्य फिल्टर याच कारणासाठी बंद ठेवा. झूममध्ये त्याचं नाव `Touch up my appearance` आहे. ते त्वचेचा पोत पुसतं, आणि काही फोनमधली अशी फिल्टरं जोडीला वर्णही उजळ करतात.

उजेड फारच कमी असेल तर आणखी एक प्रकार घडतो. चित्रात दाणे येतात, कॅमेरा ते पुसतो आणि पुसताना रंगही जातो. वर व्हिडिओ कॉलमध्ये रंगाची माहिती उजळपणाच्या मानाने बरीच कमी तपशिलात पाठवली जाते. त्यामुळे अंधारातला चेहरा राखेच्या रंगाचा दिसतो. यावर सेटिंग शोधू नका, दिवा जवळ आणा. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की चेहऱ्यावरचा उजेड साधारण चौपट होतो.

चौथी पायरी: आता व्हाइट बॅलन्स

इथवर आलात की काम सोपं आहे. उजेड एकच आणि त्याचा आकडा माहीत, तेव्हा कॅमेऱ्याला तोच आकडा सांगायचा. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये `WB` असं लिहिलेलं असतं, तिथे ४००० च्या दिव्यासाठी ४००० लावा. नव्या माणसाचा गोंधळ उडतो तो असा: आकडा वाढवला की चित्र निळं होईल असं वाटतं, होतं उलटं. तो आकडा म्हणजे कॅमेऱ्याला दिलेली खबर आहे, "खोलीतला उजेड इतका निळा आहे." ७००० सांगितलं की तो निळा उजेड गृहीत धरून चित्रात पिवळा ओततो. ४००० च्या दिव्याखाली ७००० लावलंत तर चेहरा नारिंगी होईल.

पिवळा-निळा जुळला तरी चेहऱ्यावर हिरवट किंवा जांभळट छटा उरू शकते, विशेषतः ट्यूबलाइटखाली. तिच्यासाठी `Tint` नावाची वेगळी पट्टी असते. आधी तापमान, मग टिंट, आणि टिंट अगदी थोडी.

वेबकॅमचं जरा वेगळं आहे. काही वेबकॅमबरोबर येणाऱ्या प्रोग्राममध्ये ऑटो काढून आकडा घालता येतो, ताईच्या वेबकॅममध्ये तशी सोय होती. अनेक लॅपटॉपच्या अंगच्या कॅमेऱ्यांत ती नसते. तिथे ऑटोला सांभाळून घ्यावं लागतं. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सची सगळ्यात जुनी आणि साधी रीत म्हणजे चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी असं मानणं. आजचे कॅमेरे जास्त हुशार आहेत, तरी एकाच रंगाने भरलेल्या चित्रासमोर फसतात. मागे निळी भिंत असली की कॅमेरा निळा कमी करायला जातो आणि चेहरा पिवळा पडतो. चेहराच चित्रभर पसरला तर त्वचेचा रंग हीच झाक समजून तो तिला थंड करतो. थोडं मागे बसा, मागे राखाडी किंवा पांढरट काही तरी येऊ द्या. कॉलमध्ये खोटी पार्श्वभूमी लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण ती नंतर चिकटवली जाते. कॅमेरा खरी भिंतच बघत असतो.

फोटोंच्या बाबतीत सोपा मार्ग आहे. पहिल्या फोटोत कागद किंवा राखाडी कार्ड धरा, बाकीचे कार्डाशिवाय काढा. दुरुस्त करताना व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर त्या कार्डावर टेकवा आणि तीच सेटिंग बाकी फोटोंवर चढवा. उजेड बदलला की नवं कार्ड. रॉ फोटोत, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःची दुरुस्ती न चढवता साठवलेल्या फोटोत, हे काम जवळपास बिनतक्रार होतं. जेपेगमध्ये मर्यादा आहे: गालावरचा लाल २५५ ला जाऊन थडकला असेल तर तिथला तपशील कायमचा गेलेला असतो.

शेवटची तपासणी

सगळं लावल्यावर ताईच्या दोन्ही गालांशी पुन्हा कागद धरला. डावीकडे आले २०३, २०१, १९८ आणि उजवीकडे १८८, १८६, १८२. उजवी बाजू थोडी गडद, कारण दिवा डावीकडे होता, पण दोन्हीकडे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. सहा-सातपर्यंतचा फरक मी सोडून देते, डोळ्याला तो सहज कळत नाही.

मग ड्रॉपर गालावर ठेवला: १६८, १२१, ९८. त्वचेत क्रम नेहमी हाच हवा, लाल सगळ्यात जास्त, मग हिरवा, मग निळा. गोऱ्या, सावळ्या, गडद सगळ्या वर्णांना हे लागू पडतं. माणसामाणसांत फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात, रंगाची दिशा बरीच सारखी राहते. चित्रपटांचे रंग जुळवणारे लोक त्यांच्या मोजणीच्या पडद्यावर त्वचेसाठी एकच तिरकी रेघ वापरतात ती यामुळेच. गालाचा निळा आकडा हिरव्याच्या बरोबरीला आला तर चेहरा जांभळट झालेला असतो, आणि हिरवा लालाला गाठायला लागला तर आजारी पिवळट-हिरवा. मेकअप असेल तर गालाऐवजी कपाळ किंवा मान मोजा.

दुसऱ्या दिवशी ताईने त्या विद्यार्थ्याच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "आता बऱ्या दिसता, पण अजून जराशा निळसर." ताईने तोच क्षण टिपून मला पाठवला. माझ्या स्क्रीनवर कागद पांढरा होता. मग त्यांनाच सांगितलं की फोनवर एखादं कोरं पांढरं पान उघडा आणि खिडकीजवळ खऱ्या कागदाशेजारी धरा. फोनचं पान स्पष्ट निळं दिसत होतं. त्यांचा फोन भडक मोडवर होता आणि त्या फोनवर हा मोड पांढऱ्यालाही निळसर करत होता. त्यांनी तो नैसर्गिकवर आणला. बाकीच्या तेवीस मुलांच्या घरी कोणत्या स्क्रीनवर काय दिसतं, ते ताईच्या टेबलावरून ठरवता येत नाही.